अपॉइंटमेंटचा ॲडव्हान्स नेमका कशाचा घ्यायचा?

मी नाशिकमधल्या लहान व्यावसायिकांचे हिशोब लिहिते. त्यात सलून चालवणाऱ्या बायका आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, दोन समुपदेशकही आहेत. या सगळ्यांची एक तक्रार सारखी असते. माणूस वेळ ठरवतो, त्या वेळेला येत नाही आणि साधा फोनही करत नाही. मग कुणीतरी सुचवतं की आधीच थोडे पैसे घेऊन ठेवा. दुसऱ्या दिवशी काउंटरवर कागद चिकटतो: "अपॉइंटमेंटसाठी 500 रुपये ॲडव्हान्स, कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाहीत." तो वाचून नेहमीची गिऱ्हाइकं बिथरतात, आणि महिनाभरात कागद निघतो तरी किंवा त्याकडे दुर्लक्ष तरी होतं.

ॲडव्हान्स घ्यावा असं माझं मत आहे. लग्नाच्या कार्यालयाला आपण विसार देतो, ब्लाउज शिवायला टाकताना शिंप्याला पैसे देतो, नवरीच्या मेकअपला निम्मी रक्कम आधी देतो, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पण सलूनमधला ॲडव्हान्स कुणाकडून घ्यायचा, किती घ्यायचा आणि तो कधी कापायचा, हे ठरवताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी रक्कम ठरते, मग नियम, आणि नुकसान नेमकं किती होतंय ते कुणी मोजतच नाही. सुरुवात नुकसानापासून झाली पाहिजे. आणि ॲडव्हान्स कापायचा असेलच, तर तो न येण्याबद्दल कापू नये. न कळवण्याबद्दल कापावा.

गंगापूर रोडच्या बाजूच्या एका सलूनचा हिशोब घेते. मालकीणबाईंना विचारूनच घेतेय, आणि सोयीसाठी आकडे गोल केले आहेत. दोन खुर्च्या, स्वतः ताई आणि दोन मुली. आयब्रो, साधा हेअरकट, वॅक्सिंग अशी छोटी कामं बहुतेक न सांगता येतात. बायका रस्त्याने जाताना डोकावतात, खुर्ची रिकामी असेल तर बसतात. केराटिन, स्मूदनिंग, पूर्ण केसांचा कलर ही मोठी कामं मात्र वेळ ठरवूनच होतात, कारण एकेक काम तीन ते चार तास खुर्ची अडवतं.

महिन्यात अशी 36 मोठी कामं वहीत लिहिली गेली. त्यातली 20 शनिवार-रविवारची, 16 मधल्या वारांची. सहा जणी न कळवता आल्या नाहीत: चार शनिवार-रविवारी, दोघी मधल्या वारी. ताईंचं म्हणणं साधं होतं. केराटिनचे 4,500 रुपये, सहा जणी बुडवून गेल्या, म्हणजे 27,000 रुपये गेले.

इतके गेले नाहीत. केराटिनला केमिकल, शाम्पू, डिस्पोजेबल सामान मिळून 1,200 रुपये लागतात, आणि बाई आलीच नाही तर बाटली उघडत नाही. काम करणाऱ्या मुलीला वर 450 रुपये मिळतात, तेही द्यावे लागत नाहीत. उरले 2,850. शनिवारी दुपारी ती खुर्ची रिकामी दिसली की दोनतीन आयब्रो, एखादा हेअरकट होतोच. त्याचे साधारण 650 धरले तर निव्वळ तोटा 2,200 रुपयांचा.

पण हा तोटाही प्रत्येक वेळी झालेला नसतो. मी ताईंना विचारलं, "त्या वेळेसाठी दुसऱ्या कुणाला नाही म्हटलं होतं का?" शनिवार-रविवारच्या चारपैकी तीन वेळा म्हटलं होतं. मधल्या वारच्या दोन्ही वेळी नव्हतं. मंगळवारी दुपारी दोनला ती खुर्ची तशीही रिकामीच राहिली असती. त्या बाईने नाव लिहिलं आणि आली नाही, तर ताईंचा अपेक्षाभंग झाला, पण नाव लिहिल्यामुळे त्यांच्या हातचं काही गेलं नाही. कुणीतरी नाव लिहून जागा अडवली, त्यापायी दुसरं गिऱ्हाईक परत गेलं आणि शेवटी जागाही रिकामी राहिली, तेव्हाच खरं नुकसान होतं. या हिशोबाने महिन्याचं नुकसान तीन गुणिले 2,200, म्हणजे 6,600 रुपये. सत्तावीस हजारांच्या मानाने हे बरंच कमी आहे, पण लहान सलूनला ते सोडून देण्यासारखंही नाही. एका मुलीच्या पगाराचा तो चांगला हिस्सा होतो.

हे कळलं की कुणाकडून ॲडव्हान्स घ्यायचा याचं उत्तर आपोआप मिळतं. मोठ्या कामाला, आणि तेही शनिवार-रविवारी, सणाच्या आदल्या आठवड्यात किंवा लग्नाच्या दाट तिथींना. आयब्रोला ॲडव्हान्स मागणं म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवणं. मधल्या वारी मागणंही नुकसानीचंच आहे, आणि त्याचं कारण वहीत दिसत नाही. वहीत न आलेल्या बाईचं नाव असतं. ॲडव्हान्सचं ऐकून "बघते, सांगते" म्हणून फोन ठेवणाऱ्या बाईचं नाव कुठेच नसतं. मधल्या वारच्या 16 कामांना पैसे मागितले आणि त्यापायी एकच बाई दुसरीकडे गेली, तरी 2,850 रुपये गेले, आणि ते जे नुकसान मुळात होतच नव्हतं ते टाळण्यासाठी. शनिवारी तसं होत नाही. एक बाई गेली तर यादीतली पुढची असते.

म्हणून ज्यांना ॲडव्हान्स सुरू करायचाय त्यांना मी आधी एक महिना वहीत दोन रकाने वाढवायला सांगते. एकात, न आलेल्या माणसाच्या वेळेसाठी दुसऱ्या कुणाला नकार दिला होता का. दुसऱ्यात, किंमत किंवा अट ऐकून किती जणांनी नाव लिहिलं नाही. त्याच महिन्यात आदल्या दिवशी आठवणीचा मेसेजही सुरू करावा. न येणाऱ्यांतले बरेच जण खरोखर विसरलेले असतात, आणि नुसत्या मेसेजने लोक वेळेवर यायचं प्रमाण वाढतं हे डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटवर झालेल्या अभ्यासांतून पुरेसं दिसलेलं आहे. मेसेजने जे सुटतं त्याला ॲडव्हान्स कशाला?

मेसेजनंतरही जे उरतं त्यासाठी रक्कम किती, हा पुढचा प्रश्न. ताईंना 2,000 घ्यायचे होते, म्हणजे तोटा जवळजवळ भरून निघेल. मी 500 वर अडून बसले. दोन हजार आधी द्यायला बाई नवऱ्याला विचारेल, पैसे खरंच परत मिळतील का असा संशय घेईल, आणि एकदा कापले गेले तर आयुष्यभर त्या सलूनबद्दल वाईट बोलेल. शंभर घेतले तर ते सुटे पैसे सुटल्यासारखे वाटतात, त्यासाठी कुणी फोन हातात घेणार नाही. रक्कम इतकी असावी की "येत नाही" असं लिहून परत मागावीशी वाटेल. साडेचार हजारांच्या कामाला 500 हे त्या अंगाने बरोबर बसतात. आणि ते तोटा भरून काढण्यासाठी घ्यायचेच नाहीत. ताईंना हवी आहे ती बातमी, आणि तीही वेळेत.

इथे एक धोका आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत काही पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. त्यातल्या सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला छोटा दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, पण तो वाढत गेला आणि जवळजवळ दुप्पट झाला. आधी पालकांना बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंड भरायला लागल्यावर पैसे देऊन उशीर विकत घेतल्यासारखं झालं आणि लाज संपली. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही.

सलूनमध्ये हेच घडू शकतं. "पाचशे दिलेत ना, मग झालं" असं वाटलं की बाई निश्चिंतपणे घरी बसते आणि फोनही करत नाही. पैसे कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत, असं लिहिणारा कागद हीच सवय लावतो, कारण त्याच्या लेखी कळवणारी आणि न कळवणारी दोघी सारख्याच. कळवून काहीच हाती येणार नसेल तर कशाला कळवायचं? वेळेत कळवलं तर पूर्ण पैसे परत, हा नियम आला की किंमत न येण्याला उरत नाही, ती गप्प बसण्याला लागते. गप्प बसणं थांबलं की खुर्ची दुसरीला देता येते, आणि सलूनला तेच हवं असतं.

आपल्याकडे गप्प बसण्यामागे उद्धटपणा क्वचितच असतो. बहुतेकदा भीड असते. ओळखीच्या ताईंना फोन करून नाही कसं म्हणायचं, त्या कारण विचारतील, मग काय सांगायचं? पाहुणे आले म्हणावं की बरं नाही म्हणावं? पैशांची ओढाताण आहे हे तर सांगवतच नाही. त्यापेक्षा फोन न उचललेला बरा. म्हणून कारण विचारायचंच नाही, हे आधीच लिहून टाकलं पाहिजे. आम्ही खूप खाडाखोड करून बनवलेला मेसेज असा:

"नमस्कार. शनिवार, सकाळी 11, केराटिन. तुमच्यासाठी साडेतीन तास राखून ठेवतो आहोत. त्यासाठी 500 रुपये ॲडव्हान्स, तो बिलातून वजा होईल. जमणार नसेल तर गुरुवारी रात्री 8 पर्यंत फक्त 'येत नाही' एवढं लिहा. कारण सांगायची गरज नाही, पूर्ण 500 त्याच दिवशी परत पाठवू. त्यानंतर पण वेळेच्या आधी कळवलंत, तर ही रक्कम पुढच्या एका अपॉइंटमेंटला धरू. काहीच न कळवता आला नाहीत तर मात्र ती परत मिळणार नाही."

गुरुवार रात्र का? शुक्रवारी सकाळी वेटिंगच्या यादीतल्या बाईला फोन गेला तर ती दिवसभरात मुलांची सोय बघू शकते, घरी सांगू शकते. शनिवारी सकाळी नऊला फोन करून "अकराला येता का?" विचारलं तर साडेतीन तास मोकळी असलेली बाई मिळत नाही. म्हणजे मुदत किती तासांची ठेवायची हे आपली जागा भरायला किती वेळ लागतो त्यावरून ठरवायचं. ज्या सलूनकडे वेटिंगची यादीच नाही, त्याने दोन दिवसांची मुदत मागायचं कारण नाही. आणि पैसे त्याच दिवशी परत गेलेच पाहिजेत. यूपीआयने आले तर यूपीआयनेच, तासाभरात. परत करायला ताईंनी चार दिवस लावले की पुढच्या वेळी कुणी कळवत नाही.

तीन महिन्यांनी वही पाहिली. न कळवता न येणं शनिवार-रविवारी महिन्याला चारवरून एकावर आलं होतं. तिघी वेळेत "येत नाही" लिहीत होत्या, त्यातल्या दोघींची जागा यादीतून भरत होती आणि तिसरीच्या जागी छोटी कामं आधीच लावून घेता येत होती. साडेसहा हजारांचं नुकसान तीन हजारांच्या आसपास आलं. यायचं रद्द करणाऱ्या बायकांची संख्या कमी झाली नाही, आणि ताईंना आधी त्याचंच वाईट वाटलं. पण ती कमी व्हायला नकोच होती. घरात ताप आला, पाहुणे आले, पैसे अडले, हे ॲडव्हान्सने थांबत नाही. कळायला लागलं, एवढाच फरक पडला, आणि पैसे त्यातूनच वाचले.

वेळेआधी कळवलं नाही तरीही पैसे कापू नयेत अशा काही वेळा असतात. ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर येतो, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढल्याची बातमी फिरते, आणि पंचवटीतली बाई अलीकडे येऊ शकत नाही. 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहरातले रस्ते बंद राहतील तेव्हाही तसंच. सातपूर-अंबडला शिफ्टवर असणारीला ऐन वेळी ओव्हरटाइम लागतो. अशा वेळी रक्कम पुढच्या वेळेला धरावी, वाद घालू नये. यूपीआय न वापरणाऱ्या आजींकडून आणि वर्षानुवर्षं नेमाने येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून मुळातच घेऊ नये. काहींना हा भेदभाव वाटतो. मला वाटत नाही, कारण त्यांच्या येण्याची खात्री वहीनेच दिलेली असते. मात्र ही सवलत ओळखीवर किंवा चेहरा बघून द्यायची नाही. "गेल्या वर्षभरात एकदाही न कळवता चुकवलं नसेल तर ॲडव्हान्स नाही" असा नियम सगळ्यांना सांगून ठेवला तर कुणी बोट दाखवू शकत नाही.

कायद्याचंही थोडं बोललं पाहिजे, कारण "नॉन-रिफंडेबल" लिहिलं की आपण सुटलो असा समज फार पसरलेला आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराच्या व्याख्येत उघड उघड अवाच्या सवा अनामत मागणं येतं, आणि झालेल्या नुकसानाच्या मानाने फारच मोठा दंड लावणंही येतं. मंगळवारच्या रिकाम्या खुर्चीसाठी 2,000 कापले तर नुकसान कुठे झालं हे दाखवणं अवघड जाईल. शनिवारच्या 2,200 च्या तोट्यापोटी 500 कापले, नियम आधी लिहून दिलेला होता आणि वेळेत कळवल्यास परतीची सोय होती, हे कुणालाही समजावता येतं. हिशोबातही ही रक्कम काम होईपर्यंत "ॲडव्हान्स" म्हणूनच वेगळी लिहावी, गल्ल्यात मिसळू नये. मिसळली की परत करताना हात आखडतो.

आणि नियम दोन्हीकडून हवा. बाईने अकराची वेळ घेतली, पैसे दिले, आणि आधीचं काम लांबलं म्हणून तिला पाऊणपर्यंत बाकावर बसवलं, तर तिच्या वेळेचं काय? अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबवलं तर ॲडव्हान्सइतकीच सूट, हे त्याच मेसेजमध्ये लिहावं असं मी सांगते. यावर सलूनवाल्या नाराज होतात. मला मात्र ही अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या वेळेला किंमत लावायची असेल तर आपल्या उशिरालाही लागली पाहिजे. शिवाय ती लागल्यावर ताईंनी दोन केराटिनच्या मध्ये अर्धा तास मोकळा ठेवायला सुरुवात केली, आणि भांडणं त्यानेही कमी झाली.

आता समुपदेशक. हिशोब पाहिला तर त्यांना ॲडव्हान्सची गरज सलूनपेक्षा जास्त आहे. माझ्या हिशोबातल्या एक बाई कॉलेज रोडला तासावर खोली घेऊन बसतात. 1,200 रुपये फी, आठवड्याला 20 सेशन. समोरचा आला नाही तर रस्त्यावरून दुसरा कुणी डोकावत नाही. केमिकलची बाटली वाचत नाही, खोलीचं भाडं मात्र द्यावंच लागतं. म्हणजे पूर्ण 1,200 चा तोटा. सलूनचा नियम जसाच्या तसा इथे लावावा असं कुणालाही वाटेल, आणि त्यांनी तो लावलाही होता: पहिल्या भेटीआधी 500 रुपये.

तो काढावा असं मी त्यांना सांगितलं. सलूनचा नियम उभा आहे तो एका गृहीतावर, की गप्प बसणारा माणूस ठरवलं तर दोन शब्द लिहू शकतो. मन खचलेल्या माणसाच्या बाबतीत हेच गृहीत धरता येत नाही. अंथरुणातून उठवत नाही, फोनकडे बघवत नाही, कुणाला काही कळवायचं म्हटलं की छातीत धडधडतं, हेच तर घेऊन तो येणार असतो. ज्या त्रासासाठी यायचं त्याच त्रासाचे पैसे आधी कापले, तर तो परत येईल का? तो स्वतःलाच दोष देत बसेल आणि पुन्हा फोन करणार नाही.

दुसरी गोष्ट गुपिताची, आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. ॲडव्हान्स यूपीआयने गेला की बँकेचा मेसेज येतो आणि स्टेटमेंटमध्ये पैसे घेणाऱ्याचं नाव उमटतं. एकत्र कुटुंबातल्या सुनेचं खातं नवऱ्याबरोबर जॉइंट असतं, मेसेज त्याच्या फोनवर जातो. कॉलेजातल्या मुलाच्या खात्यावर वडिलांचं लक्ष असतं. ज्या नावात "काउन्सेलिंग सेंटर" आहे त्या नावाने 500 रुपये गेले की घरात प्रश्न सुरू होतात. परत आले तर पुन्हा तेच नाव. ती बाई अजून एकदाही खोलीत बसलेली नाही, आणि घरात कळून चुकलंय. म्हणून समुपदेशकाने रोख घ्यायची तयारी ठेवावी, क्यूआर कोड साध्या व्यक्तीच्या नावाच्या खात्याचा असावा, आणि आठवणीच्या मेसेजमध्येही फक्त दिवस आणि वेळ लिहावी, कामाचं नाव नको.

याविरुद्धचा मुद्दा हलका नाही. फ्रॉइडने 1913 साली लिहिलं होतं की रुग्णाला ठरावीक तास भाड्याने दिल्यासारखा द्यावा, तो त्याने वापरला नाही तरी त्याचे पैसे त्याचेच. ही शिस्त नसली की कठीण विषय जवळ आला की माणूस नेमका त्याच दिवशी येत नाही, आणि कामच पुढे सरकत नाही, असा त्याचा अनुभव होता. मला हे पटतं, पण चौथ्या-पाचव्या भेटीनंतर. तोवर विश्वास बसलेला असतो, समोरासमोर बोलून ठरवता येतं. "हा मंगळवारचा सहाचा तास तुमचा. एक दिवस आधी कळवलंत तर काही नाही, नाही कळवलंत तर निम्मी फी," हे खोलीत बसून, माणसाच्या तोंडाकडे बघत सांगायचं असतं. निफाडहून येणारा द्राक्षबागायतदार फेब्रुवारीत म्हणेल की गारपिटीचा अंदाज आला तर मी बाग सोडून येऊ शकत नाही. मग त्याच्यासाठी ते दोन महिने फोनवर सेशन ठरवता येतात. असं बोलणं पहिल्या भेटीआधी व्हॉट्सॲपवर होऊच शकत नाही.

आणि चुकवलेल्या भेटीनंतर समुपदेशकाचा पहिला फोन पैशांचा असता कामा नये. ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार येऊन गेलेत हे माहीत आहे, तो आला नाही तर आधी तो कसा आहे हे विचारायचं, त्याच्या जवळच्या माणसाचा नंबर पहिल्याच भेटीत मागून ठेवलेला असायचा, आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याला दिलेला असायचा. निम्म्या फीचं बोलणं पुढच्या भेटीत, तेही योग्य वाटलं तर.

मग पहिल्या भेटीला न येणाऱ्यांचा तोटा कुणी सोसायचा? काही अंशी तो टाळता येतो. फोन आल्यापासून भेटीपर्यंत जितके दिवस जातात तितकं न येण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून पहिल्या भेटीसाठी आठवड्यात दोन जागा कायम मोकळ्या ठेवाव्यात आणि दोनतीन दिवसांत बोलवावं. त्या जागा दुपारच्या असाव्यात, संध्याकाळी सहा-सातच्या नव्हेत, कारण संध्याकाळची जागा नोकरी करणारा दुसरा कुणी घेतोच. भेटीआधी दहा मिनिटं फोनवर बोलावं, म्हणजे माणूस अनोळखी दारात येत नाही.

त्यानंतरही आठवड्याला एखादी पहिली भेट वाया जाते असं धरलं, तर 20 पैकी 19 सेशनमधून 1,200 भरून काढायचे, म्हणजे सेशनमागे 63 रुपये. सलूनमध्ये गप्प बसणारीने स्वतःचे पैसे द्यावेत हे रास्त आहे, कारण केस सरळ करणं तिने पुढच्या महिन्यात ढकललं तरी बिघडत नाही. इथे मात्र तो भार सगळ्यांनी थोडा थोडा उचलावा असं मला ठामपणे वाटतं. आज नेमाने येणारे जे आहेत, त्यांच्यातलेही काही पहिल्या वेळी दारापर्यंत येऊन परत गेलेले असतात.

बाईंनी फी 1,250 केली, वरचे तेरा रुपये स्वतः सोसायचं ठरवलं, आणि पहिल्या भेटीचा ॲडव्हान्स काढून टाकला. ज्यांना 1,250 जड जातात त्यांच्यासाठी आठवड्यातल्या दोन जागा 600 मध्ये ठेवाव्यात का, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी हिशोब करून दिलाय, तो बसतोय, फक्त त्यासाठी फी 1,300 च्या थोडी वर न्यावी लागेल.